दोन माइक लावले की किकचा धम्म जातो : आतला टक, बाहेरचा धम्म आणि मधला लो कट

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. किकच्या आत एक माइक आहे, पुढच्या हेडसमोर दुसरा आहे. आतला एकटा ऐकला तर बीटरचा टक स्वच्छ येतो. बाहेरचा एकटा ऐकला तर पोटात बसणारा धम्म येतो. दोन्ही फेडर एकत्र वर केले की टक राहतो आणि धम्म निघून जातो. मग बाहेरच्या चॅनेलवर ६० हर्ट्झ वाढवले जातात, सब तापतो, तरी धम्म येत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात कॉलेजांची गॅदरिंगं सुरू झाली की ही तक्रार दर आठवड्याला ऐकू येते, आणि दरवेळी दोष माइकला किंवा ड्रमला दिला जातो. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. आतल्या चॅनेलवर सवयीने दाबलेलं ८० हर्ट्झचं लो कट बटण हे काम करतं. ते कसं करतं हे एकदा समजलं की दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

आधी खात्री करून घ्या की धम्म खरंच गेला आहे. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ पावणेसहा मीटर असते. धरमपेठेतल्या एखाद्या बारा-चौदा फुटी तालमीच्या खोलीत काही जागा अशा असतात की तिथे उभं राहिलं तर खालचा सूर भिंतींमुळेच नाहीसा होतो, आणि दोन पावलं सरकलं की परत येतो. लहान मॉनिटर तर ६० हर्ट्झ नीट वाजवतच नाहीत. म्हणून ही तपासणी कान झाकणाऱ्या बंद हेडफोनवर करा. ड्रमरला एकाच जोराने, सेकंदाला साधारण एक असे किकचे फटके मारत राहायला सांगा. त्याने मधे स्नेअर किंवा हायहॅट वाजवू नये.

बाहेरचा माइक एकटा चालू करा आणि फेडर जागेवर ठेवा. आता आतल्या माइकचा फेडर अगदी खालून हळूहळू वर आणा. दोन माइक नीट जुळत असतील तर धम्म जराही कमी न होता त्यावर टक चढत जातो. आतला फेडर वर जाताना धम्म पातळ होत गेला तर दोन माइक एकमेकांना कापत आहेत. मग आतल्या चॅनेलवरचं पोलॅरिटीचं बटण दाबा. गोलावर तिरकी रेघ असलेलं हे बटण, ज्याला सगळे फेजचं बटण म्हणतात. धम्म एकदम भरून आला तर निदान पक्कं झालं. बटणाने फारसा फरक पडला नाही तर गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

बटण दाबून धम्म आला की बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नये, कारण त्याच क्षणी किकमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा आवाज शिरतो. तो का शिरतो हे पाहायला एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवू.

समजा ड्रम २२ बाय १८ इंचांचा आहे, म्हणजे शेलची खोली सुमारे ४६ सेंटीमीटर. आतला माइक बीटरच्या हेडपासून ८ सेंटीमीटरवर आहे. बाहेरचा पुढच्या हेडपासून तितकाच दूर आहे. दोन माइकमधलं अंतर मग ४६ सेंटीमीटर होतं. २५ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो, त्यामुळे फटका बाहेरच्या माइकला आतल्यापेक्षा १.३३ मिलिसेकंद उशिरा कळतो. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करत असाल तर हे ६४ सॅम्पल भरतात.

हा उशीरच धम्म खातो असा पक्का समज आहे, आणि तो चुकीचा आहे. ६० हर्ट्झची एक फेरी पूर्ण व्हायला १६.७ मिलिसेकंद लागतात. त्यात १.३३ मिलिसेकंद म्हणजे ३६० पैकी जेमतेम २९ अंश. दोन सारख्या आवाजांत २९ अंशांचा फरक असला तरी त्यांची बेरीज जवळजवळ पूर्ण सहा डेसिबलनेच वाढते. उशिराचा खरा फटका ३७५ हर्ट्झच्या आसपास बसतो, कारण तिथे १.३३ मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धी फेरी, आणि तिथे दोन माइक एकमेकांना खोडतात. गंमत अशी की किकमधला खोक्यासारखा आवाज नेमका ३०० ते ४०० च्या पट्ट्यात असतो. म्हणजे उशीर नकळत तुमच्या फायद्याचंच काम करत होता.

आता लो कट. आतल्या माइकमधून फक्त टक हवा, मग खालचा भाग कशाला, असं म्हणून ८० हर्ट्झचं बटण दाबलं जातं. बऱ्याच मिक्सरवर हा कट अष्टकाला १२ डेसिबलचा असतो. त्याने ६० हर्ट्झ फक्त सहा डेसिबलने कमी होतात, पूर्ण जात नाहीत. पण कोणताही लो कट आवाज नुसता कमी करत नाही, तो त्या भागाचा फेजही पुढे सरकवतो. ८० च्या या कटात ६० हर्ट्झचा फेज सुमारे ११२ अंश पुढे जातो. आतला माइक मुळातच २९ अंश पुढे होता. दोन्ही मिळून १४१ अंश झाले, म्हणजे जवळजवळ उलटंच. आता आतल्या माइकमध्ये उरलेला अर्धा धम्म बाहेरच्या पूर्ण धम्मातून वजा होतो. दोन्ही माइकमध्ये कटाआधी ६० हर्ट्झ सारख्याच पातळीवर येतात असं धरलं, तर बेरीज बाहेरच्या एकट्या माइकपेक्षाही तीन डेसिबलने खाली जाते. माइक वाढवला आणि आवाज घटला, ही तक्रार अक्षरशः खरी आहे.

पोलॅरिटी उलटवली की तीच वजाबाकी बेरीज होते आणि धम्म तीन डेसिबलने वर येतो. बटणाच्या दोन बाजूंत असा सहा डेसिबलचा फरक पडतो, म्हणून तो इतका चटकन कळतो. पण पोलॅरिटी सगळ्याच सुरांची उलटते. ३७५ च्या आसपास जिथे दोन माइक एकमेकांना खोडत होते, तिथे आता ते एकमेकांना वाढवतात. खोका येतो तो इथून.

आणखी एक प्रयोग लोक करून बघतात. आतला चॅनेल १.३३ मिलिसेकंद मागे सरकवायचा आणि लो कट तसाच ठेवायचा. वर उशिराचे २९ अंश वजा करून पाहा : ११२ अंश उरतातच. धम्म बाहेरच्या एकट्या माइकच्या जवळपास येऊन थांबतो, त्यापुढे वाढत नाही. म्हणून नुसत्या डिलेने काम होत नाही आणि लोक पुन्हा गोंधळतात.

माझं मत असं की ८० हर्ट्झ हा किकच्या आतल्या माइकवर अर्धवट कट आहे. कट करायचाच तर इतका वर करा की ६० हर्ट्झमध्ये त्या माइकचं काही उरूच नये. नाहीतर करू नका. यातून दोन रस्ते निघतात.

पहिला रस्ता कामं वाटून देण्याचा. धम्म पूर्णपणे बाहेरच्या माइकचा, आतला फक्त टकासाठी. आतल्या चॅनेलवर लो कट २०० हर्ट्झवर न्या. आता ६० हर्ट्झमध्ये आतला माइक २१ डेसिबल खाली आहे, तो कोणत्याही फेजमध्ये असला तरी धम्माला डेसिबलभरही धक्का लावू शकत नाही. मात्र इथे डिले लागतोच. तो दिला नाही तर कटाचे ९० अंश आणि उशिराचे ९६ अंश मिळून २०० हर्ट्झवर मोठा खड्डा पडतो आणि किक पोकळ वाटते. डिजिटल मिक्सरवर आतल्या चॅनेलला १.३ मिलिसेकंद डिले द्या. डिले नेहमी आतल्याला द्यायचा, कारण तो पुढे आहे. बाहेरच्याला दिला तर फरक दुप्पट होतो. ही चूक घाईत फार होते. मग बाहेरच्या माइकवर ३५० च्या आसपास तीन-चार डेसिबल कमी करा, खोका तिथेच जातो. स्टेजवर, जिथे साउंडचेकला दहा मिनिटं मिळतात, तिथे मी हाच रस्ता धरतो.

दुसरा रस्ता रेकॉर्डिंगसाठी. दोन्ही चॅनेल पूर्ण, कोणताही लो कट न लावता रेकॉर्ड करा. नंतर दोन्ही ट्रॅक मोठे करून बघा, आतल्याचा पहिला चढ बाहेरच्याच्या पहिल्या चढाखाली येईल असा सरकवा, आणि मग आतला माइक हलका करायचा असेल तर कटाऐवजी लो शेल्फने खालचा भाग सहा डेसिबल उतरवा. शेल्फही फेज हलवतो, पण कटाइतका नाही. अॅनालॉग मिक्सरवर डिले नसतो. तिथे लो कट काढणं आणि आतल्याचा बेसचा नॉब थोडा खाली करणं हा सगळ्यात सुरक्षित उपाय आहे. लो कट काढता येत नसेल तर पोलॅरिटी उलटवा आणि खोक्याचा पट्टा दोन्ही चॅनेलवर कमी करा.

नागपूरच्या उन्हाळ्यात फेज बदलतो, म्हणून जानेवारीची सेटिंगं मे महिन्यात चालत नाहीत, असंही कानावर येतं. पंधरा अंशांवर हा उशीर १.३५ मिलिसेकंद असतो आणि पंचेचाळीसवर १.२८. फरक तीन-चार सॅम्पलचा. धम्माला आणि खोक्याला याने काहीच होत नाही. उन्हाळ्यातला खरा त्रास कूलरचा आहे. कूलरच्या पंख्याची घरघर आणि झोत दोन्ही बाहेरच्या माइकला लागतात, आणि पंप-मोटरची गुणगुण विजेच्या ५० हर्ट्झच्या पटीत असते. ५० हर्ट्झ म्हणजे किकच्या धम्माची अगदी शेजारची जागा, तिथे इक्वलायझरने गुणगुण काढायला गेलात तर धम्मही सोबत जातो. कूलरचं तोंड ड्रमपासून फिरवा, टेक घेताना पंप बंद करा, आणि माइकभोवती जाड चादरीचा बोगदा करा. दोन खुर्च्यांच्या पाठी, त्यांवरून ड्रमच्या कडेपर्यंत गांधीबागेतून आणलेली एखादी जड सोलापुरी चादर दुहेरी घातली की पुरे. या बोगद्याने सिम्बलसुद्धा बाहेरच्या माइकमध्ये कमी शिरतात.

जागेबद्दल आता थोडं, कारण टक आणि धम्म यांचा तोल आधी जागेने ठरतो, बटणांनी नंतर.

आतला माइक बीटर हेडला जिथे लागतो त्या ठिपक्याकडे तोंड करून, पाच ते आठ सेंटीमीटरवर ठेवला तर टक सर्वात टोकदार येतो. बीटरच्या रेषेतून दोन-तीन बोटं बाजूला घेतला तर तो गोल होतो. शेलच्या कडेकडे नेला तर टक मरतो आणि शेलची टणटण वाढते. शुअर बीटा ९१ए सारखा चपटा माइक उशीवर टाकला तर तो हेडपासून लांब असूनही टक चांगला देतो, पण तो कंडेन्सर आहे, त्याला फँटम पॉवर लागते. फँटम चालू नसेल तर चॅनेल मेल्यासारखा वाटतो, आणि त्याचं खापर अनेकदा केबलवर फुटतं. टक मुळातच नसेल तर माइकला दोष देण्याआधी बीटर बघा. फेल्टचा बीटर मऊ असतो, त्यातून ३ ते ५ किलोहर्ट्झचा टक फारसा निघतच नाही. प्लास्टिकची बाजू फिरवली की जो फरक पडतो तो कोणत्याही इक्वलायझरने पडत नाही.

बाहेरचा माइक पोर्टच्या अगदी समोर ठेवू नका. पोर्टमधून दर फटक्याला हवेचा झोत येतो आणि तो माइकच्या पडद्यावर आदळून ‘फप्प’ असा आवाज होतो. मीटरवर तो धम्मासारखाच दिसतो, पण त्याला सूर नसतो. हेडच्या मध्यापासून थोडा बाजूला, पोर्टपासून हात दूर, हेडपासून पाच ते पंधरा सेंटीमीटर, ही चांगली सुरुवात आहे. एका दिशेने ऐकणारा माइक जवळ नेला की त्यातला खालचा भाग वाढतो, लांब नेला की घटतो आणि खोली शिरते. एकेजी डी ११२ सारखा मोठ्या पडद्याचा डायनॅमिक इथे उत्तम चालतो. माइक हलवला की उशीर बदलतो, म्हणून डिलेचा आकडा जागा पक्की झाल्यावरच ठरवा. पाच सेंटीमीटर सरकलं तर सुमारे ०.१४ मिलिसेकंदाचा फरक पडतो.

उशीबद्दल एकच सांगणं. ती दोन्ही हेडना जेमतेम टेकावी. पोटभर कोंबलेली असेल तर पुढचं हेड हलतच नाही, आणि मग बाहेरच्या माइकपुढे धम्म नसतोच. तो कोणत्याही फेजने परत येणार नाही.

आता आणखी एक प्रसंग : आतल्या चॅनेलवर लो कट नाही, जागा बरोबर आहे, तरी धम्म कापला जातो. इथे कुठेतरी पोलॅरिटी खरोखर उलटी आहे. बीटर लागला की मागचं हेड आतल्या माइककडे ढकललं जातं आणि पुढचं हेड बाहेरच्या माइककडे. दोघांनाही पहिला धक्का दाबाचाच मिळतो, म्हणून रेकॉर्ड केलेल्या लाटेत दोघांचा पहिला झोका एकाच बाजूला, वर, गेला पाहिजे. एकाचा खाली गेला तर वायरिंग शोधा. एक्सएलआर केबलमध्ये दोन नंबरची पिन एका टोकाला तीनवर जोडलेली असेल तर असं होतं, आणि घाईत सोल्डर केलेल्या केबलमध्ये हे सर्रास सापडतं. दोन माइकच्या केबल आपसांत बदलून हे कळत नाही, कारण उलटी केबल कोणत्याही माइकला लावली तरी दोघांतला फरक तसाच राहतो. तिसरी खात्रीची केबल आणून एकेक बदला, किंवा मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोनची दोनशी आणि तीनची तीनशी गाठ तपासा. उलटी केबल सापडली की तिच्यावर लाल टेप लावून पेटीबाहेर काढा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात ती पुन्हा तिथेच येते.

बरेच जण जुना साडेसहा इंची वूफर स्टँडला बांधून बाहेरचा माइक म्हणून वापरतात, आणि खालच्या धम्मासाठी ही युक्ती खरंच चांगली आहे. यामाहाचा सबकिकही याच कल्पनेचा. घरी बनवताना स्पीकरचं अधिक टोक सवयीने दोन नंबरच्या पिनला जोडलं जातं आणि तिथेच चूक होते. स्पीकरच्या अधिक टोकाला अधिक व्होल्टेज दिलं की कोन बाहेर येतो. ड्रमच्या दाबाने कोन आत जातो, म्हणून त्या टोकाला उणं व्होल्टेज निघतं. माइकची पोलॅरिटी मिळवायची तर अधिक टोक तीन नंबरच्या पिनला आणि उणं टोक दोनला जोडा. असा स्पीकर आवाज भरपूर देतो, त्यामुळे चॅनेलवर पॅड दाबा, आणि त्याला फँटम चुकूनही देऊ नका. त्याच्या जड कोनाने फेज स्वतःच थोडा मागे पडतो, म्हणून वर सोडवून काढलेले आकडे इथे तंतोतंत लागू होत नाहीत. पोलॅरिटीचं बटण दोन्हीकडे फिरवून, हेडफोनवर ऐकून ठरवा.

पोलॅरिटीच्या बटणाने फारसा फरक पडला नव्हता, तर शेवटची तपासणी गेटची. दोन्ही चॅनेलवर वेगवेगळे गेट असतील तर आतला टकाच्या धारेवर लगेच उघडतो आणि बाहेरचा, ज्याची लाट सावकाश चढते, काही मिलिसेकंद उशिरा उघडतो. धम्माची सुरुवात कापली जाते आणि ऐकणाऱ्याला तेही फेजसारखंच वाटतं. ओळख सोपी आहे : दोन्ही गेट बायपास केल्याबरोबर धम्म येतो. बाहेरच्या गेटला की म्हणून आतला चॅनेल द्या, म्हणजे दोन्ही एकाच टकावर उघडतील, आणि बाहेरच्याचा होल्ड १२० मिलिसेकंदांपासून सुरू करा. तेवढ्यात धम्माची शेपटी कापली जात असेल तर २० च्या पायऱ्यांनी वाढवत जा. गाणं मंद असेल तर अजून लागेल. डबल पेडल चालू असेल तर मात्र होल्ड इतका आखूड ठेवावा लागतो की दोन फटक्यांच्या मधे गेट बंद व्हायला वेळ उरेल, आणि अशा ड्रमरसाठी बाहेरच्या चॅनेलवरचा गेट काढून टाकलेलाच बरा.